वर्गांची रुंदी आणि आलेखाचा आकार

आयतालेख काढताना मोजलेल्या संख्या सलग वर्गांत विभागतात आणि प्रत्येक वर्गात किती संख्या पडल्या, तेवढ्या उंचीचा आयत उभा करतात. हे वर्ग किती रुंद ठेवायचे, ते आकडे सांगत नाहीत. ते आलेख काढणारा ठरवतो आणि आलेखाचा आकार बराचसा तिथेच ठरतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचे गरम पाण्याचे नैसर्गिक कारंजे आहे. दोन उद्रेकांमध्ये किती मिनिटे गेली, याच्या 272 नोंदी R या संगणकीय भाषेत `faithful` या नावाने मिळतात. सर्वांत कमी वेळ 43 मिनिटे, सर्वांत जास्त 96.

वीस मिनिटांचे वर्ग घेतले, तर 41–60 मध्ये 83, 61–80 मध्ये 105 आणि 81–100 मध्ये 84 नोंदी येतात. मध्ये एक उंचवटा, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा उतार. पाहणारा म्हणेल, साधारण सत्तर मिनिटे थांबावे लागते. आता तेच वर्ग निम्मे करावेत: 26, 57, 24, 81, 78, 6. मधला उंच आयत फुटला आणि त्याच्या पोटात 61–70 ची दरी निघाली. सत्तरच्या आसपासचा काळ खरे तर दुर्मीळ आहे. उद्रेक आखूड झाला की पुढचा लवकर होतो, लांबला की उशिरा. म्हणून शिखरे दोन. रुंद वर्गांनी ही गोष्टच झाकली होती.

उलट टोकाला एकेक मिनिटाचे वर्ग घेतले, तर सरासरी पाचच नोंदी वाट्याला येतात आणि आलेख करवतीसारखा दातेरी होतो. अर्ध्या मिनिटाचे घेतले, तर एकाआड एक वर्ग रिकामा राहतो, कारण नोंदी पूर्ण मिनिटांतच आहेत. मोजमापाच्या एककाहून बारीक वर्ग कधीच घेऊ नयेत.

सुरुवात कुठून करायची, यालाही महत्त्व आहे. दहा मिनिटांचेच वर्ग 46 पासून मांडले, तर पहिले चार आकडे 55, 38, 37, 109 असे येतात. दरी उथळ होते.

रुंदीसाठी फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा 1981 चा नियम चांगला आधार देतो. पहिले चतुर्थक तिसऱ्यातून वजा करावे, उत्तराची दुप्पट करावी आणि तिला नोंदींच्या संख्येच्या घनमुळाने भागावे. इथे चतुर्थके 58 आणि 82, फरक 24. 272 चे घनमूळ सुमारे 6.5. म्हणून रुंदी 48 ÷ 6.5, म्हणजे जवळपास 7.4 मिनिटे. मात्र शिखरे दोन असली की चतुर्थकांमधले अंतर दोन्ही शिखरांना कवेत घेते आणि उत्तर गरजेपेक्षा मोठे येते. त्यामुळे ते खाली, पाचावर आणणे योग्य. मग 4, 22, 33, 24, 14, 10, 27, 54, 55, 23, 5, 1 असा आलेख मिळतो. रुंदी थोडी कमी-जास्त करून आणि सुरुवात सरकवून तो पुन्हा काढावा. दोन्ही शिखरे टिकली, तर ती आकड्यांतली आहेत, वर्गांनी घडवलेली नाहीत.