‘1 रुपयात 7 दिवस’ : पिन टाकण्याआधी कोणती ओळ वाचायची?

कर्जत लोकलमध्ये खिडकी मिळाली की हातात मोबाइल येतो, आणि मोबाइलमध्ये जाहिरात येते : ‘पोलीस भरतीचे सगळे व्हिडिओ, 7 दिवस फक्त 1 रुपयात.’ एक रुपयाला कोण विचार करतो? बटण दाबले, यूपीआय पिन टाकला, काम झाले. मात्र तो पिन बहुतेक वेळा एका रुपयासाठी नसतोच. तो असतो ‘ऑटोपे’ला, म्हणजे यापुढे दर वेळी न विचारता पैसे कापण्याला दिलेली परवानगी. बँकेच्या भाषेत हे ‘मँडेट’.

एक उदाहरण घेऊ. 10 जूनला कर्जतच्या एका तरुणाने असे ॲप घेतले, असे समजा. बटणावर मोठ्या अक्षरात 1 रुपया. खाली फिकट करड्या अक्षरात ‘त्यानंतर दरमहा 399 रुपये’. पिन टाकण्याच्या पानावर मात्र वेगळेच लिहिलेले : ‘Up to ₹1,000’, पुढे ‘As presented’, आणि मुदत तीस वर्षांनंतरची. या पानावर आपण दोन सेकंदही थांबत नाही, आणि खरा करार तिथेच असतो. ‘Up to’ म्हणजे एका वेळी कापता येणारी कमाल रक्कम. ‘Monthly’ असेल तर महिन्यातून एकदा. ‘As presented’ असेल तर कंपनी मागेल तेव्हा. म्हणजे जाहिरातीत 399, पण परवानगी हजारापर्यंतची आणि तीही केव्हाही. उद्या दर वाढले तर नव्याने पिन विचारला जाणार नाही.

16 जूनला त्याला मेसेज येतो : उद्या 399 रुपये कापले जातील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी अशी सूचना द्यावीच लागते आणि त्यात नकाराची सोय असावी लागते. अडचण अशी की मेसेजमध्ये अनेकदा ॲपचे नाव नसते, मागच्या कंपनीचे असते. अनोळखी नाव पाहून माणूस तो जाहिरात समजून पुसून टाकतो. 17 जूनला पैसे जातात. 15 हजार रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला पुन्हा पिन लागत नाही. वर्षभर लक्ष गेले नाही तर 4,788 रुपये.

आणि ॲप काढून टाकले तर? काहीच फरक पडत नाही. मँडेट ॲपमध्ये नसते, ते यूपीआय खात्यावर असते. आपण वापरतो त्या यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ‘Autopay’ शोधा, चालू मँडेटची यादी दिसेल. त्यातले नको ते उघडून ‘Cancel’ किंवा ‘Revoke’ करा. पिन विचारला जाईल. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी मात्र तिथल्या ‘Subscriptions’मध्ये जाऊन थांबवावी लागते.

सगळ्याच मोफत ऑफर फसव्या नसतात. सरळ कंपनी पुढची रक्कम आणि ती कापण्याची तारीख बटणाजवळच, वाचता येईल अशा अक्षरात सांगते. मँडेटवरची कमाल रक्कम जाहिरातीतल्या दराइतकीच असते. आणि चाचणीच्या पहिल्याच दिवशी रद्द केले तरी उरलेले दिवस वापरू देते. हा शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत चांगली कसोटी : घेतल्यावर लगेच रद्द करून पाहा. चार पाने फिरवून, ‘खरंच जाताय?’ विचारून शेवटी ईमेल पाठवायला सांगितले, तर समजायचे ते समजा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या 13 प्रकारांत वर्गणीचा सापळा आहे. रद्द करण्याचे बटण लपवणे त्यात येतेच. शिवाय मोफत वर्गणीसाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी देण्याची सक्ती करणे हेही येते. ही दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी मँडेट रद्द करा, मग ऑफरचे पान, मँडेट आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढा. पिन आपणच टाकलेला असल्याने बँक सहसा परतावा देत नाही. मागणी कंपनीकडे लेखी करायची. रद्द केल्यानंतरही पैसे कापले गेले, तर मात्र तक्रार बँकेकडेच. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि 399 रुपयांसाठी खोपोलीहून तिथे कोणी जाणार नाही, हे कंपन्यांनाही कळते. पण तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरूनही दाखल होते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.