ऑफर हातात, पण शहर आणि शिफ्ट गैरसोयीची

आयटी कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये कामाचे ठिकाण एका ओळीत लिहिलेले असते. पुढे कुठेतरी दुसरे एक कलम बहुधा सापडते: गरजेनुसार कंपनी कर्मचाऱ्याची भारतात कुठेही बदली करू शकेल आणि त्याला कोणत्याही शिफ्टमध्ये काम करावे लागेल. सही झाली की हे कलम मान्य केल्यासारखेच होते. म्हणून शहर किंवा शिफ्ट बदलून मागायची ती सही करण्याआधी.

मागणी एचआरकडे पाठवली, तरी निर्णय बहुतेक वेळा ज्याच्या टीममध्ये जागा रिकामी आहे त्या मॅनेजरचा असतो. त्यामुळे ही जागा त्याच शहरात का आहे, हे आधी विचारावे. क्लायंटच्या अटीमुळे काम ठरावीक ऑफिसातूनच करायचे असेल, तर शहर हलत नाही. टीम दोन-तीन शहरांत विखुरलेली असेल, तर बोलायला वाव असतो. शिफ्टचे गणित मात्र क्लायंटच्या घड्याळावर चालते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. लंडनच्या नऊ वाजता इथे दुपारचे दीड किंवा अडीच वाजतात. अमेरिकी क्लायंटच्या सपोर्ट टीमकडे दिवसपाळी मागणे बहुधा व्यर्थ. त्याच कंपनीतल्या ब्रिटिश क्लायंटच्या टीममध्ये जागा मागणे शहाणपणाचे.

समजा, पुण्यातल्या एका सपोर्ट इंजिनिअरला हैदराबादची रात्रपाळी मिळाली आणि घरी वडिलांचे डायलिसिस सुरू आहे. ‘घरगुती अडचण आहे’ एवढ्याने मॅनेजरला काहीच करता येत नाही. ईमेल असा हवा: ‘वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते, त्यामुळे पुणे सोडणे शक्य नाही. पुण्यातल्या ब्रिटिश सपोर्ट टीममध्ये जागा असल्यास मी ठरलेल्या तारखेलाच रुजू होईन. पहिले दोन आठवडे प्रशिक्षणासाठी हैदराबादला येण्याची तयारी आहे.’ यात पडताळता येणारे कारण आहे, नेमका पर्याय आहे आणि उमेदवाराने स्वतःकडून दिलेली सवलतही आहे. पगारवाढीची मागणी याच पत्रात घातली, तर मूळ अडचणच खोटी वाटू लागते.

महिलांच्या बाजूने कायदाही आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला काम द्यायचे, तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय करावी लागते. हैदराबादच्या ऑफिसला मात्र तेलंगणाचे नियम लागू होतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘आत्ता रुजू व्हा, सहा महिन्यांनी पुण्याला आणू’ या तोंडी आश्वासनाने. तोवर फोनवर बोलणारा रिक्रूटर दुसरीकडे गेलेला असू शकतो आणि प्रोजेक्टवरून सोडायला नवा मॅनेजर तयार नसतो. होकार मिळाला, तर नवे शहर, शिफ्ट आणि तारीख लिहिलेले सुधारित ऑफर लेटर मागावे आणि ते हाती आल्यावरच आधीच्या नोकरीचा राजीनामा द्यावा.