दोष कुणाचा: हेडफोनचा, फोनचा की अ‍ॅपचा?

गाणं ऐकताना आवाज तुटू लागला, की पहिला संशय हेडफोनवर जातो आणि बिचारा हेडफोन दुकानात पोचतो. तिथे तो दुकानदाराच्या फोनवर व्यवस्थित वाजतो आणि गिऱ्हाईक हात हलवत परत येतं.

खरं तर तपासाची सुरुवात हेडफोन बाजूला ठेवून करावी. ब्लूटूथ बंद करायचं आणि तेच गाणं त्याच अ‍ॅपमधून फोनच्या स्पीकरवर लावायचं. तिथेही अडखळलं, तर हेडफोनचा काही संबंध नाही. दोष अ‍ॅपचा किंवा इंटरनेटचा. स्पीकरवर नीट वाजलं, तर हेडफोन जोडून फोनमध्ये आधीच साठवलेलं गाणं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लावावं. ते स्वच्छ वाजलं, तर संशय पहिल्या अ‍ॅपवर.

दोन्ही अ‍ॅपमध्ये तुटतं? मग हेडफोन दुसऱ्या फोनला जोडायचा. त्याआधी पहिल्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला हवं, नाहीतर हेडफोन गुपचूप जुन्या फोनलाच जाऊन चिकटतो आणि परीक्षा वाया जाते. जागा आणि अंतरही तेच ठेवावं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात, शिवाय माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. मागच्या खिशातला फोन आणि टेबलावरचा फोन यांची तुलना म्हणूनच फसवी. दोष हेडफोनबरोबर दुसऱ्या फोनवर गेला, तर दोषी हेडफोन. तो गेला नाही आणि पहिल्या फोनवर दुसरा हेडफोनही तुटतो, तर दोषी फोन.

कधी दोघंही निर्दोष निघतात, फक्त एकमेकांशी पटत नाही. अशा वेळी फोनच्या यादीतून हेडफोन काढून टाकावा, हेडफोन रीसेट करावा आणि जोडी नव्याने जुळवावी.

एक तक्रार मात्र या चाळणीतून वेगळी पडते. समजा, एक शिक्षिका हेडफोनवर गाणी छान ऐकते, पण ऑनलाइन वर्गाचं अ‍ॅप उघडताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा दबका होतो. अ‍ॅप बदललं की दोष जातो, म्हणजे अ‍ॅपच खराब, असं वाटेल. पण मग साध्या फोन कॉलवरही तसंच का होतं? कारण मायक्रोफोन चालू झाला, की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन संगीताचा एकेरी मार्ग सोडून कॉलच्या दुहेरी मार्गावर जातो. तिथे स्टिरिओ नसतो आणि आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळाच घेतले जातात; सीडीवर ते ४४,१०० वेळा असतात. यात बिघडलेलं काहीच नाही. अ‍ॅपमध्ये आवाज हेडफोनवर ठेवून मायक्रोफोन फोनचा निवडण्याची सोय असेल, तर फरक लगेच कळतो.

दुकानात जायची वेळ आलीच, तर कोणत्या फोनवर आणि कोणत्या अ‍ॅपमध्ये काय घडलं ते चिठ्ठीवर लिहून न्यावं. शक्य असेल तर आपला फोनही बरोबर असू द्यावा.