हातात बिल, तरी क्रेडिट नाही

माल आला, बिल आलं, पैसेही दिले. तरीही महिन्याच्या वीस तारखेला अकाउंटंट सांगतो, ‘या बिलाचं क्रेडिट घेता येणार नाही, ते २बीत नाही.’ छोट्या कारखानदाराला हा अन्याय वाटतो, आणि तो आहेही. चूक पुरवठादाराची असते, पण रोख कर भरावा लागतो घेणाऱ्याला.

१ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात तुमचं बिल दाखवलं आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बीत उतरलं, तरच इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येतं. त्याआधी न दिसणाऱ्या बिलांसाठी पाच टक्क्यांची सवलत होती, तीही तेव्हा संपली. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याची जीएसटीआर-१ची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते, १४ तारखेला तुमचं २बी तयार होतं आणि २० तारखेपर्यंत तुमचं जीएसटीआर-३बी जातं. म्हणजे पाठपुरावा करायला मधले पाच-सहा दिवसच हाती असतात.

समजा, एका वर्कशॉपने २२ ऑगस्टला २,००,००० रुपयांचे लोखंडी बार घेतले. १८ टक्क्यांनी सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळून कर झाला ३६,००० रुपये. १४ सप्टेंबरच्या २बीत बिल नाही. अशा वेळी बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बिल अपलोड करा’ एवढंच लिहितात. पलीकडून ‘केलंय’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच थांबतो. पुरवठादार खोटं बोलत असेलच असं नाही. त्याने विवरणपत्र खरंच भरलेलं असतं, फक्त तुमचं बिल त्यात नसतं किंवा भलत्याच जागी असतं.

म्हणून आधी जीएसटी पोर्टलवरच्या Search Taxpayer मध्ये त्याचा नंबर टाकून पाहावं. कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कधी भरलं, हे तिथे दिसतं. भरलंच नसेल, तर प्रश्न एका बिलाचा नाही. मागचं ३बी थकलं असेल तर पोर्टल पुढचं जीएसटीआर-१ स्वीकारतच नाही. तो तिमाही विवरणपत्र भरणारा असेल, तर ऑगस्टचं बिल ऑक्टोबरपर्यंत दिसणार नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. फक्त पहिल्या दोन महिन्यांची बिलं आधी दाखवण्याची आयएफएफची सोय त्याला असते, ती वापरायची विनंती करावी.

विवरणपत्र भरलेलं आहे आणि बिल मात्र नाही, अशा वेळचं स्मरणपत्र असं असावं:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या २२ ऑगस्टच्या बिलाचा माल आम्हाला मिळाला आहे. कराची रक्कम ३६,००० रुपये. १४ सप्टेंबरच्या आमच्या २बीत हे बिल नाही. आपलं ऑगस्टचं जीएसटीआर-१ मात्र भरलेलं दिसतं. बिल राहून गेलं, आमचा जीएसटी नंबर चुकला की ते किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत गेलं, हे कृपया पाहावं. राहिलं असल्यास सप्टेंबरच्या जीएसटीआर-१मध्ये मूळ क्रमांक आणि मूळ तारखेनेच घ्यावं, चुकलं असल्यास त्याच विवरणपत्रात दुरुस्ती करावी. सोबत बिलाची प्रत आणि आमचा जीएसटी नंबर जोडला आहे.’

‘मूळ तारखेनेच’ हे आवर्जून लिहावं. नाहीतर काही जण झटपट नव्या तारखेचं दुसरं बिल फाडून देतात आणि एकाच मालाची दोन बिलं तयार होतात. बिल किरकोळ विक्रीत गेलं असेल, तर त्याने कर आधीच भरलेला असतो. तिथून वजा करून तुमच्या नावावर घेतल्याने त्याच्यावर जादा बोजा पडत नाही, हे त्याला सांगावं. बिल साफ राहूनच गेलं असेल, तर बहुधा त्याचा करही भरायचा राहिलेला असतो आणि त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज चढत असतं. दुसऱ्या स्मरणपत्रात ही गोष्ट शांतपणे लिहावी. धमकीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

बरेच खरेदीदार कराची रक्कम २बीत बिल दिसेपर्यंत रोखून धरतात. खरेदी ऑर्डरवर ही अट आधीच लिहिलेली असेल तर ते रास्त आहे. मालाचेही पैसे अडवणं मात्र मला पटत नाही. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत कर धरून पूर्ण रक्कम दिली नाही, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

सप्टेंबरला बिल दिसलं नाही म्हणून क्रेडिट बुडालं असं नाही. पुरवठादाराने ते पुढच्या महिन्यात दाखवलं, की त्या महिन्याच्या २बीतून ते घेता येतं. २०२५-२६ च्या बिलांसाठी शेवटची तारीख आहे ३० नोव्हेंबर २०२६, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तीच. पण ही तारीख तुमच्यासाठी आहे. पुरवठादार मासिक विवरणपत्र भरणारा असेल, तर त्याने ते बिल ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत दाखवायला हवं. त्यानंतर दाखवलेलं बिल डिसेंबरच्या २बीत येईल, आणि तोपर्यंत मुदत संपलेली असेल. स्मरणपत्रात त्याला ११ नोव्हेंबर हीच तारीख द्या.