रेडिएशनआधी दाढ काढायला का सांगतात? आणि नंतर तीच दाढ काढायला डेंटिस्ट का कचरतात?

समजा, मिरकरवाडा बंदरातला एक पन्नाशीचा तांडेल आहे. वर्षानुवर्षं डाव्या गालात तंबाखूचा बार धरायची सवय, आणि कॅन्सर निघाला तोही तिथेच. मुंबईत ऑपरेशन झालं. आता आठवड्याला पाच असे तीस वेळा 'लाइट' घ्यायचे, म्हणजे रेडिएशन. तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, आधी डेंटिस्टला दाखवून या. तांडेल वैतागतो. डावीकडची खालची एक दाढ हलते खरी, पण दुखत तर नाही. कॅन्सरचं सोडून दाढ कसली बघताय?

तर गोष्ट अशी आहे की, खालच्या जबड्याच्या हाडाला रक्त मुळातच कमी वाटांनी मिळतं. रेडिएशनच्या मोठ्या डोसाने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात आणि हाड नवीन करणाऱ्या पेशीही मरतात. वरून काही दिसत नाही, पण त्या हाडाला जखम झाली की ती भरत नाही. दाढ काढणं म्हणजे हाडात जखमच. मग खड्डा उघडाच राहतो, हाड सडतं, कधी जबड्याचा तुकडा कापून काढावा लागतो. प्रत्येकाला असं होत नाही. पण धोका वर्षं गेली म्हणून संपत नाही, दहा वर्षांनीही तो असतो.

म्हणून तांडेलाच्या जबड्याचा ओपीजी काढतात, म्हणजे सगळे दात एकाच फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. वाचण्यासारखा नाही असा दात रेडिएशनच्या पट्ट्यात येत असेल, तर तो आधीच काढतात. बाकीचे दात साफ करून, भरून ठेवतात. उगाच सगळे दात काढत नाहीत.

इथे खरी अडचण तारखांची असते. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. दाढेची जखम भरायला निदान दोन आठवडे लागतात. मास्क बनवणं, प्लॅनिंग यात आणखी काही दिवस जातात. आमचा तांडेल पाचव्या आठवड्यात डेंटिस्टकडे पोचला, तर दाढेसाठी रेडिएशन लांबवायचं की दाढ तशीच ठेवायची, असा पेच पडतो. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की त्याच आठवड्यात दात दाखवावेत. तेव्हा ठरलं तर कॅन्सरच्या ऑपरेशनमध्येच, त्याच भुलीत, ती दाढ काढता येते.

आता तीस लाइट संपले. पुढचा प्रश्न लाळेचा. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती दातावरचं आम्ल धुते, दाताला खनिजं परत देते. लाळेच्या ग्रंथी रेडिएशनच्या वाटेत आल्या तर तोंड कोरडं पडतं, आणि बऱ्याच जणांचं ते पूर्ववत होत नाही. मग कीड वेगळ्याच जागी लागते. हिरडीलगत दाताला गोल वेढा पडतो आणि दात तिथूनच मोडतो. अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे कळतं उशिरा.

उपाय साधा आहे, पण तो रोज आणि जन्मभर करायचा. डेंटिस्ट दातांच्या मापाचा प्लास्टिकचा ट्रे बनवतात. रात्री ब्रश झाला की त्यात फ्लोराइड जेल घालून पाच-दहा मिनिटं दातांवर बसवायचा. मग थुंकायचं, चूळ भरायची नाही आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. ट्रे परवडत नसेल तर जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून मागा. तोंड सोलत असेल तेव्हा लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून बऱ्याचदा चुळा भरा. बोटीवर दिवसभर घोट घोट गोड चहा चालतो. कोरड्या तोंडाला तो सगळ्यात वाईट, पाण्याची बाटली जवळ ठेवलेली बरी. आणि मशेरी? ती भाजलेली तंबाखूच आहे. दात घासायला म्हणूनही नको.

तोंड किती उघडतं तेही बघत राहा. स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये मावायला हवीत. दोनच मावू लागली तर डॉक्टरांनी सांगितलेले तोंड उघडायचे व्यायाम ताबडतोब वाढवायचे, कारण आखडलेला जबडा पुढे सुटणं फार कठीण जातं.

दोन वर्षांनी तांडेलाची दुसरी दाढ किडली, तर? जवळच्या दवाखान्यात 'काढून टाका' म्हणायचं नाही. आधी रेडिएशनचा कागद दाखवायचा. कोणत्या बाजूला किती डोस गेला, ते त्यावर असतं. शक्य असेल तर रूट कॅनाल करून वरचा किडलेला भाग कापतात आणि मूळ हाडातच ठेवतात. काढणं टळतच नसेल, तर अशा पेशंटची सवय असलेल्या सर्जनकडे, मोठ्या हॉस्पिटलात. तोंडात कुठे उघडं, पिवळट, खरखरीत हाड जिभेला लागलं, पू आला किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका, आधी फोन करा. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. मूळ कागद खारट हवेत फार टिकत नाही.