सपाट रेषेत अडकलेलं काम

सॉफ्टवेअर टीम बहुधा दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’ची कामं आधी ठरवून घेते. त्यातलं किती उरलंय, हे बर्नडाउन चार्ट दाखवतो: आडवे दिवस, उभे उरलेले पॉइंट. रेषा रोज थोडी उतरावी अशी अपेक्षा असते. पण कित्येकदा ती आठवडाभर सपाट राहते आणि स्प्रिंट संपता संपता धाडकन कोसळते.

सपाट रेषा पाहून वरिष्ठांना वाटतं, लोक बसून आहेत. हा बहुतेक वेळा अन्याय असतो. एखादी स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, तपासून `Done` रकान्यात जाईपर्यंत तिचा एकही पॉइंट वजा होत नाही. नव्वद टक्के झालेलं काम चार्टवर दिसतच नाही. मला जास्त काळजी वाटते ती शेवटच्या उताराची.

एक नमुना घेऊ. दहा दिवसांचा स्प्रिंट, पाच डेव्हलपर, एक टेस्टर. पाच पॉइंटांच्या आठ स्टोरी, एकूण ४० पॉइंट. सातव्या दिवसापर्यंत आकडा ४० वरच. मग आठव्या दिवशी ३५, नवव्या दिवशी २०, दहाव्या दिवशी ५. सात स्टोरी झाल्या म्हणून सगळे खूश. आता बोर्ड पाहा. प्रत्येकाने आपापली स्टोरी पहिल्याच दिवशी उघडली होती, त्यामुळे सगळ्या अर्धवट चालत राहिल्या आणि सातव्या दिवसाच्या सुमारास एकदम टेस्टरपुढे आल्या. एका स्टोरीच्या नीट तपासणीला एक दिवस लागत असेल, तर तीन दिवसांत तीनच व्हायला हव्या होत्या. झाल्या सात. म्हणजे तपासणीला कात्री लागली. सुटलेले बग पुढच्या स्प्रिंटमध्ये परत येतात आणि तीही रेषा अडवून धरतात.

मात्र निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक स्टोरी कोणत्या तारखेला कुठल्या रकान्यात गेली, ते बघावं. कधी काम वेळेत झालेलं असतं, फक्त कार्डं शेवटच्या दिवशी सरकवलेली असतात. कधी न झालेल्या स्टोरी स्प्रिंटमधून काढून टाकल्यानेही रेषा पडते. तिथे काम संपलेलं नसतं, यादी लहान झालेली असते.

आपल्या नमुन्यातल्या टीमला उपाय आहे. एका वेळी तीनच स्टोरी उघड्या ठेवायच्या, एकीवर दोघांनी बसायचं आणि पहिली स्टोरी दुसऱ्या दिवसाअखेर टेस्टरकडे पोचवायची. मग त्याला आठ स्टोरींसाठी पुरे आठ दिवस मिळतात. रेषा तरीही पाच-पाच पॉइंटांच्या पायऱ्यांनीच उतरेल, गुळगुळीत होणार नाही. त्यात काही बिघडत नाही. पहिली पायरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसली पाहिजे.