फोटोत स्टॅम्पपेपर खरा दिसतो, पण तो खरा ठरत का नाही? होलोग्राम, वॉटरमार्क आणि सुरक्षा धाग्यामागचं विज्ञान

सावंतवाडी तालुक्यातल्या गावांत जमिनीचे व्यवहार बहुतेकदा दोन ठिकाणी चालतात. जमीन गावात, भावकीतले निम्मे सह्या करणारे मुंबईत. साठेखत तयार झालं की त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, आणि पलीकडून विचारलं जातं, ‘स्टॅम्पपेपर खरा हा मां?’ इकडून उत्तर येतं, ‘वॉटरमार्क दिसता, शिक्को हा.’ मग इसाराची रक्कम पाठवली जाते.

या संवादात एक चूक दडलेली आहे. फोटो अस्पष्ट असेल तर चूक नाही. तो अगदी लख्ख असला तरी चूकच. वॉटरमार्क, होलोग्राम आणि सुरक्षा धागा ही कागदावरची चित्रं नाहीत. प्रकाश बदलला किंवा कागद तिरका केला की काय होतं, यात त्यांचा खरेपणा असतो. फोटोत एक क्षण, एक कोन आणि एक प्रकाश एवढंच येतं.

पाचशेची नोट घेऊन बघा

हे समजायला साठेखत लागत नाही. खिशातली सध्याची, करड्या रंगाची ५०० रुपयांची नोट पुरेशी आहे.

नोट टेबलावर सपाट ठेवा. मधला धागा तुटक पट्ट्यांसारखा दिसेल, त्यावर ‘भारत’ आणि ‘RBI’ अशी अक्षरं असतील आणि रंग हिरवा असेल. आता नोट हळूहळू तिरकी करा. हिरवा रंग निळा होतो. मग नोट खिडकीच्या उजेडासमोर धरा. तुटक दिसणारा धागा आता वरपासून खालपर्यंत सलग गडद रेघ होतो, आणि कोऱ्या भागात महात्मा गांधींचा चेहरा आणि ‘५००’ हा आकडा उमटतो.

आता त्याच नोटेचा टेबलावर ठेवून फोटो काढा. फोटोत हिरव्या तुटक पट्ट्या आहेत आणि एक कोरा भाग आहे. साध्या कागदावर हिरव्या शाईने पट्ट्या छापल्या, तर त्याचा फोटोही असाच येईल. नोट हातात असताना या दोन्हींत फरक होता. फोटोत तो उरला नाही.

वॉटरमार्क: छापलेला नसतो, कागदातच असतो

कागद तयार होताना ओला लगदा जाळीच्या फिरत्या दंडगोलावर बसतो. त्या जाळीवर चित्राचे उंचसखल भाग असतात. जिथे तंतू जास्त साचतात तिथे कागद जाड होतो, जिथे कमी तिथे पातळ. नोटेवरचा ‘५००’ हा आकडा जाळीवर बसवलेल्या धातूच्या छोट्या तुकड्यामुळे उमटतो. तिथे तंतू फारच कमी राहतात.

उजेड मागून आला की पातळ भागातून जास्त प्रकाश येतो आणि तो भाग उजळ दिसतो. जाड भाग गडद दिसतो. गालाची, कपाळाची सावली मऊ उतरत जाते, कारण जाडीही हळूहळू बदलते. उजेड वरून पडला तर हा फरक जवळजवळ दिसतच नाही. म्हणून टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोत वॉटरमार्क ठळक दिसत असेल, तर उलट शंका घ्यायला हवी. नकली वॉटरमार्क अनेकदा फिकट किंवा तेलकट शाईने छापलेला असतो आणि तो साध्या उजेडातही तेलाच्या डागासारखा दिसतो.

मग कागद उजेडासमोर धरून फोटो काढला तर? त्यात चित्र दिसेल, पण ते जाडीमुळे आलं की शाईमुळे, हे फोटो सांगत नाही. खरी परीक्षा दोन भागांची आहे: एकाच कागदावर मागच्या उजेडात चित्र दिसलं पाहिजे आणि समोरच्या उजेडात ते नाहीसं झालं पाहिजे. दोन वेगळे फोटो पाठवले, तरी ते एकाच कागदाचे आहेत याचा पुरावा नसतो.

धाग्याचा रंग का बदलतो?

नोटेच्या धाग्यावरचा हिरवा-निळा रंग साध्या शाईसारखा नसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे हे रंग अतिपातळ थरांमुळे तयार होतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही रंग जोर धरतात, काही मावळतात. कोन बदलला की जोर धरणारा रंग कमी तरंगलांबीकडे, म्हणजे हिरव्याकडून निळ्याकडे, सरकतो.

छापलेल्या हिरव्या शाईला हे जमत नाही. ती कुठूनही हिरवीच. पण हा फरक ओळखायला किमान दोन कोन लागतात. फोटोत कोन एकच असतो.

होलोग्राम: मेगापिक्सेल वाढवून का भागत नाही?

गुणपत्रिका, पीव्हीसी आधार कार्ड, दारूच्या बाटलीवरचं लेबल अशा ठिकाणी होलोग्राम असतो. त्याच्या पृष्ठभागावर साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरावर खाचा असतात. या खाचा प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या दिशांना फेकतात. म्हणून कार्ड हलवलं की रंग धावतात आणि एका चित्राच्या जागी दुसरं येतं.

फोन काय टिपतो, ते आकड्यांत बघू. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० बाय ३००० ठिपके असतात. ए-फोर आकाराचा, २९७ बाय २१० मिलिमीटरचा कागद त्यात पुरता बसवला, तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे ७० मायक्रॉन कागद येतो, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतका. त्या एका ठिपक्यात होलोग्रामच्या सत्तरेक खाचा मावतात आणि फोन त्या सगळ्यांचा मिळून एकच रंग नोंदवतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पाठवताना फोटो आणखी लहान होतो.

कॅमेरा शंभर पट चांगला असता तरी मूळ अडचण सुटली नसती. होलोग्रामची ओळख हलवल्यावर काय दिसतं यात आहे. स्थिर फोटोत खरा होलोग्राम आणि चकचकीत कागदाचा तुकडा सारखेच दिसू शकतात. झेरॉक्समध्ये तर खरा होलोग्रामही बहुतेकदा काळपट ठिगळासारखा येतो.

घाटापलीकडचा धडा

सावंतवाडीहून आंबोली घाट चढून, कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे गेलं की बेळगाव जिल्हा लागतो. त्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी हा देशातल्या सर्वांत मोठ्या स्टॅम्प घोटाळ्याचा सूत्रधार होता. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली आणि २००७ मध्ये ३० वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. खरे स्टॅम्पपेपर नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. तेलगीने त्याच प्रेसमधून बाद झालेली यंत्रं मिळवली होती.

त्याचे कागद फोटोत नव्हे, हातात घेऊन बघणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि दलालांच्या टेबलांवरून पार झाले. कागद हातात असतानाही नुसती नजर फसली. मग ज्यात उजेड, कोन आणि स्पर्श हे तिन्ही गळून पडतात, त्या फोटोवर किती विसंबायचं, याचं उत्तर स्पष्ट आहे.

व्हिडीओ मागवला तर?

व्हिडीओ कॉल फोटोपेक्षा नक्कीच बरा. समोरच्याला कागद तिरका करायला सांगता येतं, मागून टॉर्च लावायला सांगता येतं, आणि सगळं एकाच कागदावर घडताना दिसतं. पण त्यालाही मर्यादा आहे. चकचकीत स्टिकरही हलवल्यावर चमकतो. खऱ्या होलोग्राममध्ये कोणतं चित्र कोणत्या चित्रात बदलायला हवं, हे माहीत नसेल तर नुसत्या चमकण्याला अर्थ नाही.

बँकाही यावर विसंबत नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडीओवरून केवायसीला परवानगी दिली. त्यात ग्राहक कॅमेऱ्यासमोर पॅन कार्ड दाखवतो, पण त्यावरचा तपशील बँकेला कार्ड देणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीशी ताडून घ्यावा लागतो. कार्ड कसं दिसतं यावर निर्णय होत नाही.

फोटोतूनही टिकतं ते काय?

कागदाचे गुण फोटोत हरवतात; माहिती हरवत नाही. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, छायाचित्र अशा तपशिलाबरोबर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. कोड वाचता येण्याइतका फोटो स्पष्ट असेल, तर प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपने ही तपासणी फोटोवरूनही होते. मात्र त्यातून तपशील खरा असल्याचं कळतं. कार्ड पाठवणारा माणूस तोच आहे, हे कळत नाही.

जमिनीच्या बाबतीतही वाट हीच. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो digitalsatbara.mahabhumi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. पत्ता स्वतः टाइप करावा. कागदावरचा कोणताही अनोळखी क्यूआर स्कॅन करून उघडलेल्या पानावर विश्वास ठेवू नये. नकली कागदावरचा कोड नकली पानाकडेच नेणार.

साठेखताचा फोटो आला तर

फोटोवरून कागद मान्य करता येत नाही, पण कधी कधी नाकारता येतो. म्हणून आधी फोटो मोठा करून वाचा. स्टॅम्प कोणाच्या नावे घेतला आहे, विकत घेतल्याची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची तर नाही ना, विक्रेत्याचा शिक्का आणि अनुक्रमांक आहे का, सातबाऱ्यावरची नावं आणि गट क्रमांक दस्ताशी जुळतात का? इथे विसंगती दिसली तर वॉटरमार्कपर्यंत जायची गरजच नाही.

सगळं जुळलं तरी कागद खरा ठरत नाही. तो अजून खोटा ठरलेला नाही, एवढंच. दस्ताची नोंदणी झाल्याचं सांगितलं जात असेल तर दस्त क्रमांक आणि वर्ष मागा आणि igrmaharashtra.gov.in वरच्या ई-सर्चमध्ये इंडेक्स-२ बघा. नोंदणी झाली नसेल, तर विश्वासातल्या माणसाने किंवा वकिलाने मूळ कागद हातात घेऊन, उजेडासमोर धरून बघावा आणि सातबाऱ्याची ताजी प्रत स्वतः काढावी. इसाराची रक्कम त्यानंतर पाठवावी.